कथा: चकती

दुसरा_मजला

बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, आज लिहितोय. गोष्ट म्हणूनच वाचा. घडलेली आहे, पण तीस वर्षांत थोडी माझ्या सोयीने वळलीही असेल.

---

आमच्या विंगेत बारा खोल्या आणि शेगडी एक. चिनी मातीच्या थाळीत गोल गोल खाचा, खाचांत कॉइल, खाली पत्र्याची बैठक आणि तीन पाय. त्यातला एक पाय आखूड, म्हणून त्याखाली कायम दुमडलेला पुठ्ठा. पास होऊन जाणारा सीनियर ती पुढच्या बॅचला विकायचा. आमच्याकडे आली तेव्हा तिचा भाव तीस रुपये होता, वायरीसकट. प्लग नव्हता. वायरीची सोललेली टोकं सॉकेटात घालायची आणि काडेपेटीच्या दोन काड्या ठोकून घट्ट करायची. आज लिहिताना अंगावर काटा येतो, तेव्हा येत नव्हता.

साल १९९३, मे महिना, सांगली. रात्री दोनलाही भिंत तापलेली असायची. एम-थ्रीचा पेपर परवावर आला होता आणि खोलीतल्या तिघांपैकी दोघांची ती केटी होती. तिसरा, म्हणजे मी, पहिल्यांदाच बसणार होतो आणि लाप्लास नावाच्या माणसाने आपलं काय बिघडवलं होतं याचा विचार करत होतो.

शेगडीला बंदी होती. बंदी सगळ्याच हॉस्टेलांत असते, पण आमच्या रेक्टरांची पकडायची तऱ्हा वेगळी. ते दारं वाजवत फिरत नसत. जिन्याखाली प्रत्येक विंगेचा वेगळा मीटर होता. रात्री ते टॉर्च आणि हातातलं घड्याळ घेऊन त्या मीटरपुढे उभे राहत आणि आत फिरणाऱ्या चकतीच्या कडेवरची काळी खूण मिनिटात किती वेळा समोरून जाते ते मोजत. पलीकडच्या विंगेतली शेगडी त्यांनी अशीच धरली. एका ज्युनियरने जिन्याच्या कठड्यावरून हे पाहिलं आणि आम्हाला येऊन सांगितलं.

दिग्या इलेक्ट्रिकलचा. त्याने दुपारी जाऊन मीटरवरची पाटी वाचली. एका युनिटला सहाशे फेरे. म्हणजे हजार वॉटची शेगडी लावली की चकती मिनिटाला दहा फेरे जास्त मारणार. परीक्षेच्या रात्री प्रत्येक खोलीत एक ट्यूब, एक पंखा, दोन टेबललॅम्प, सगळे मिळून एकशेऐंशी वॉट धरू, असं तो म्हणाला. बारा खोल्यांचे बावीस फेरे. शेगडी लागली की बत्तीस. आंधळ्यालाही कळेल.

"मग सहा खोल्या बंद करायच्या," दिग्या म्हणाला. "लाइट, पंखा, सगळं. सहा गुणिले एकशेऐंशी म्हणजे शेगडीपुरतं निघतं. चकतीला काही कळायचं नाही."

त्या रात्री पावणेदोनला सहा खोल्या काळोखात गेल्या आणि त्यांतली पोरं आमच्या खोलीत आली. आमचीही खोली त्या सहांतली. सतरा जण, कुणी कॉटवर, कुणी खाली, कुणी दाराला पाठ लावून. उजेड फक्त कॉइलचा. आधी काहीच दिसत नाही, मग वास येतो, जुन्या उतू गेलेल्या दुधाचा, मग कॉइल मळकट लाल होते आणि सगळ्यांच्या हनुवट्या खालून उजळतात. पंखा बंद, त्यामुळे घामाच्या धारा. कुणीतरी हळू आवाजात कॉन्व्होल्यूशनचा प्रमेय म्हणत होतं, आरती म्हणावी तसं.

अर्धा लिटर दूध रात्री नऊला आणलेलं, पिशवी बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवलेली. त्यात अर्धा लिटर पाणी. ॲल्युमिनियमचं पातेलं, त्याला झाकण नाही. कॉफी आईने दिलेल्या डब्यातली, पूड आणि साखर एकत्रच, वर जायफळ किसून घातलेलं. कॅलेंडरच्या शेजारी भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेलं होतं: १ लि. = ११ मि. हे माप जानेवारीत घेतलेलं. एक लिटर ठेवलं की अकराव्या मिनिटाला वर येतं. त्यामुळे दहाव्या मिनिटापर्यंत पातेल्याकडे कुणी बघायचं नाही, अभ्यास करायचा.

मध्ये एप्रिलात कॉइल तुटली होती. पाच वेटोळ्यांतलं मधलं एक जळून तुकडे झालं होतं. ते तुकडे फेकून दिग्याने उरलेली टोकं एकमेकांत पिळली आणि कॉइल ताणून सगळ्या खाचांत पुन्हा बसवली. चालली. कुणी त्यावर आणखी विचार केला नाही.

आठव्या मिनिटाला जिन्यावर चपला वाजल्या.

दिग्याने बटण दाबलं. खोली पूर्ण काळी झाली, फक्त थाळीत लाल रेघा उरल्या, त्याही विझत गेल्या. सतरा जणांनी श्वास धरला. पातेलं उतरवावं असं माझ्या मनात आलं होतं, पण हाताला फडकं सापडेना, आणि दुधाला अजून तीन मिनिटं होती. शिवाय शेगडी बंद होती.

चपला आमच्या दारापाशी येऊन थांबल्या. टॉर्चचा उजेड दाराखालच्या फटीतून आत आला आणि एकाच्या पायाच्या बोटांवर स्थिरावला. कुणी हललं नाही. बाहेरचा माणूस काही बोलला नाही. मिनिट गेलं असेल, दोन गेली असतील.

आणि मग अंधारात, बंद शेगडीवर, दूध चर्र करून उतू गेलं.

त्या आवाजाला दुसरं काही म्हणता येत नाही. पाठोपाठ जळका वास, आणि त्यात जायफळ.

"उतरव ते आधी," रेक्टर बाहेरून म्हणाले. "मग दार उघड."

मी बनियन काढून त्याने पातेलं उतरवलं. दार उघडलं. त्यांनी टॉर्च खोलीभर फिरवला, डोकी मोजावीत तसा. शेवटी उजेड थाळीवर नेला.

"पुसून घ्या नीट. मुंग्या येतील," म्हणाले, आणि शेगडी गार व्हायची वाट बघत दारातच उभे राहिले.

---

सुमेधा_क

मस्त! हनुवट्या खालून उजळणं डोळ्यांसमोर आलं. मी पुण्याच्या मुलींच्या हॉस्टेलमधली. आमच्याकडे शेगडी नव्हती, इस्त्री होती. इस्त्रीला कुणी हरकत घेत नसे. ती उलटी करून दोन जाडजूड पुस्तकांत खोचायची, तळ वर, काटा 'कॉटन'वर, आणि तळावर स्टीलचा पेला. दूध उकळायला युगं लागायची, कारण पुरेशी तापली की ती आपोआप बंद व्हायची, लाल दिवा विझायचा, मग पुन्हा लागायची. पण उतू कधी गेलं नाही बाई. पुस्तकांवर मात्र तपकिरी चट्टे पडले, आणि ती लायब्ररीची होती.

कडक_नाथ

कथा छान आहे, पण शेवट पटला नाही. शेगडी बंद केल्यावर दूध उतू कसं जाईल? गॅस बंद केला की वर आलेलं दूधसुद्धा खाली बसतं, रोजचा अनुभव आहे. आणि इथे तर तीन मिनिटं बाकी होती. लेखकाला नाट्य हवं होतं म्हणून दूध उतू घातलंय.

दुसरा_मजला

कडकनाथ, नाट्य रचता आलं असतं तर एम-थ्रीला तरी रचलं असतं. उतू गेलं हे खरं आहे, माझं बनियन साक्षीला होतं. का गेलं ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. दिग्या म्हणतो घड्याळ चुकलं. घड्याळ माझं होतं, चुकलं नव्हतं.

अन्नपूर्णा६१

कॉफीला दूध निम्मं आणि पाणी निम्मं घेऊ नये, पाणी वाटीभर पुरे. पूड आणि साखर आधी चमचाभर पाण्यात फेटून घ्या, रंग फिकट होऊन फुगेपर्यंत, दहा मिनिटं तरी. मग वरून गरम दूध. फिल्टरची पूड मात्र फेटून फुगत नाही, त्याला इन्स्टंटच लागते. जायफळ एका कपाला चिमटीचाही अर्धा भाग, आणि ते उकळताना घालू नये, कडवट होतं. फोटो असेल तर टाका.

दुसरा_मजला

काकू, ही पाककृती नव्हे, गोष्ट आहे. पण फेटायचं आता करून बघतो.

ओहमचा_नियम

कडकनाथ यांच्या शंकेवर माझा विचार सांगतो. मला वाटतं वेळ चुकायचं कारण कॉइलच असणार, पण मग उलटं व्हायला हवं होतं. वेटोळं गेलं म्हणजे तार कमी झाली. तार कमी म्हणजे रोध कमी. उष्णता ही विद्युतधारेच्या वर्गाला रोधाने गुणून येते, म्हणजे रोध कमी झाला की उष्णताही कमी. अकराऐवजी चौदा मिनिटं लागायला हवी होती. त्यामुळे कडकनाथ बरोबर आहेत, आठ-दहा मिनिटांत दूध उकळणं शक्यच नाही.

जुना_वायरमन

मंडळात मीटर टेस्टिंगला एकतीस वर्षं काढली, त्यामुळे राहवलं नाही.

ओहमचा_नियम, तुमचं सूत्र बरोबर आहे, पण त्यात धारा तीच राहते असं तुम्ही धरून चाललात. धारा तीच राहत नाही. घरात, हॉस्टेलात तीच राहते ती व्होल्टेज. तार आखूड झाली की रोध कमी, मग त्याच व्होल्टेजवर धारा वाढते, आणि ती वर्गात मोजायची असल्याने आच वाढते. हिशेब सोपा आहे. हजार वॉटच्या शेगडीचा रोध दोनशेतीस व्होल्टला साधारण ५३ ओहम येतो. पाचातलं एक वेटोळं गेलं, म्हणजे साधारण पाचवा भाग गेला, उरला ४२. आता तीच शेगडी साडेबाराशे वॉटची झाली. दर दुरुस्तीला शेगडी जास्त तापते, ती याच्यामुळे. लोक म्हणायचे, "काका, तुम्ही जोडून दिल्यापासून फर्स्टक्लास चालते." फर्स्टक्लास नव्हे, ती मरायला टेकलेली असायची. तार जास्त लाल म्हणजे लवकर तुटणार, आणि बहुतेक वेळा पिळलेल्या जोडाशीच, कारण तिथे तारेवर तारेचा दाब नीट बसत नाही आणि तो जोडच वेगळा तापतो.

आता दूध. जानेवारीत अकरा मिनिटं लागत होती. आच सव्वापट झाली तर वेळ पाचवा भाग कमी, म्हणजे पावणेनऊ मिनिटं. दिग्याने आठव्या मिनिटाला बटण दाबलं. लेखकाला वाटलं तीन मिनिटं बाकी आहेत, खरं तर एकही नव्हतं. दूध उकळीच्या पाच-सात अंश खाली असणार.

कडकनाथ यांच्या गॅसचं म्हणाल तर गॅस बंद केला की ज्योत नाहीशी होते, मागे उरतो नुसता बर्नर. शेगडीत किलोभर वजनाची चिनी मातीची थाळी असते आणि ती आठ मिनिटं लाल कॉइलला चिकटून बसलेली असते. बटण दाबल्यावर कॉइल पाच-दहा सेकंदांत काळी दिसते, थाळी मात्र बराच वेळ पातेल्याला आच देत राहते. पाच-सात अंशांना तेवढी पुरेशी आहे. गोष्टीत दोन मिनिटं गेल्याचं लिहिलंय. पटण्यासारखं आहे.

कडक_नाथ

मान्य. शब्द मागे घेतो. पण मग बंद केल्यावर दूध वर येतंय हे ओळखायचं कसं? अंधारात तर दिसणारच नाही.

जुना_वायरमन

कानाने. दूध तापायला लागलं की पातेलं आधी बारीक सूं सूं करतं, तो आवाज वाढतो आणि उकळीच्या जरा आधी एकदम मवाळ होतो. वर साय धरलेली असते, खाली वाफ कोंडते आणि सायीला उचलते. तो आवाज मवाळ झाला की उतरवा. सतरा जणांनी श्वास धरला होता, ऐकायला उत्तम वेळ होती, पण ऐकत होते ते चपला.

दुसरा_मजला

काका, तीस वर्षांनी उत्तर मिळालं. दिग्याला फोन करून आत्ताच वाचून दाखवलं. तो इलेक्ट्रिकलचा, आणि कॉइल त्यानेच जोडली होती. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही, मग म्हणाला, "चकतीचा हिशेबही मग हजारचाच केला होता रे."

जुना_वायरमन

तोही बघू. बारा खोल्या चालू असताना २१६० वॉट, म्हणजे मिनिटाला एकवीस-बावीस फेरे. सहा बंद केल्या, उरले १०८०, त्यात शेगडी हजारऐवजी साडेबाराशे, एकूण २३३०. म्हणजे तेवीसच्या थोडे वर. बावीसचे तेवीस झाले तर टॉर्चच्या उजेडात, हातातल्या घड्याळावर कुणाला कळणार नाही. खोली एक कमी-जास्त झाली तरी तेवढा फरक पडतो. दिगंबररावांची युक्ती चुकीच्या आकड्यावरही चालून गेली. चकतीने तुम्हाला पकडून दिलं नाही, हे मी लिहून देतो.

एक शंका मात्र आहे. रात्री दोनला सगळ्या गावाचा भार उतरलेला असतो, व्होल्टेज चढतं. व्होल्टेज दहा टक्के चढलं तर आच वीस-एकवीस टक्के वाढते. जानेवारीतलं अकरा मिनिटांचं माप किती वाजता घेतलं होतं? संध्याकाळी सातला घेतलं असेल, तर माझा पावणेनऊचा आकडाही जास्तच आहे.

दुसरा_मजला

आठवत नाही हो. मेसचं जेवण चुकवून केलं होतं एवढंच आठवतं, म्हणजे रात्री आठच्या आसपास असावं. पण चकतीने पकडलं नाही, तर सर वर आले कशाला? आम्ही इतकी वर्षं चकतीलाच दोष देत होतो.

सुमेधा_क

जायफळाचा वास! दोन मजले खाली जातो तो. माझी आजी कॉफी करायची तेव्हा वाड्यातल्या चार बिऱ्हाडांना कळायचं.

अन्नपूर्णा६१

जायफळ घातलंत तिथेच चुकलं. जायफळाने झोप येते, लहान मुलांना उगाळून चाटवतात ते काय उगाच? परीक्षेला काळी कॉफी प्यावी.

मिरजकर_डॉक्टर

एवढ्याशा जायफळाने सतरा जणांना झोप यायची नाही, काकू. सतरा जणांत लिटरभर, तीही निम्मी पाण्याची, आणि डब्यात साखर किती नि पूड किती कुणास ठाऊक. पूड चिकोरीवाली असेल तर त्यातला चिकोरीचा भाग जागं ठेवायच्या कामी काहीच येत नाही, त्यात कॅफीन नसतंच. रंग आणि कडवटपणा तेवढा येतो. मी स्वतः हॉस्टेलला असताना कॉफी प्यायल्या क्षणी "आली, तरतरी आली" म्हणायचो. खरं तर अर्धा-पाऊण तास लागतो. आणि दोनला प्यालेली कॉफी सकाळी सातलाही निम्मी अंगात असते, म्हणून पेपरच्या आधीची डुलकीही हातची जाते. बाकी पंखा बंद करून सतरा जण एका खोलीत, मे महिन्यात, सांगलीत. झोप कुणाला लागेल?

आखेनवासी

मी सध्या जर्मनीत, आखेनला शिकतोय. खोलीच्या कोपऱ्यात दोन प्लेटांची छोटी ओटी आहे, त्यातली एक बंद, म्हणजे माझीही शेगडी एकच. बिडाची जाड प्लेट. तापायला इतका वेळ घेते की भूक मरते, आणि बंद केल्यावर इतका वेळ तापलेली राहते की पहिल्या महिन्यात माझं दूध तीनदा उतू गेलं, तिन्ही वेळा प्लेट बंद होती. इथले लोक उलट तिचा फायदा घेतात, भात शिजायच्या पाच मिनिटं आधीच बटण बंद करतात. मी आता दूध वर यायची वाट बघत नाही, पातेलं सरळ शेजारच्या गार प्लेटवर सरकवतो. तुमच्याकडे सरकवायला शेजारची प्लेट नव्हती, हाच काय तो फरक.

आणि सर वर का आले ते मला कळलं असं वाटतंय. तुमची विंग अंगणाकडे होती का?

दुसरा_मजला

हो. खाली अंगण, पलीकडे रेक्टरांचं क्वार्टर.

आखेनवासी

परवावर पेपर आलाय, रात्री पावणेदोन वाजलेत, सगळ्या खिडक्यांत उजेड. आणि एका क्षणी त्यांतल्या सहा खिडक्या एकदम काळ्या. मीटरला काही कळलं नसेल हो. अंगणात उभ्या असलेल्या माणसाला मात्र कळणारच.

कडक_नाथ

हाहाहा! हे बेस्ट!!

ओहमचा_नियम

माझी चूक कळली, वायरमनकाका, धन्यवाद. पण खिडक्यांचं मला पूर्ण पटत नाही. सहाही खोल्या एकदमच बंद झाल्या असतील कशावरून? पोरं एकेक करून आली असणार. आणि त्या काळी रात्री एखादी फेज जाऊन अर्धी इमारत अंधारात बसणं नवीन नव्हतं. रेक्टर फेज बघायलाही वर आले असतील.

जुना_वायरमन

फेजची शंका रास्त आहे. पण फेज गेली असं वाटलं असतं तर माणूस आधी फ्यूजपाशी जातो, वर खोलीच्या दाराशी येऊन टॉर्च मारून गप्प उभा राहत नाही.

जाता जाता एक गोष्ट, कारण हे वाचून कुणी पोरगा आज माळ्यावरची शेगडी काढेल. त्या रात्री दूध उतू गेलं तेव्हा बटण बंद होतं, हे नशीब. उघडी कॉइल, वर ॲल्युमिनियमचं पातेलं, मध्ये दूध. चालू शेगडीवर दूध सांडलं की कॉइलपासून पातेल्यापर्यंत वाट तयार होते आणि पातेलं जिवंत होतं. बिनप्लगच्या वायरीला अर्थिंग नाही, त्यामुळे फ्यूजही उडत नाही. घामाने ओल्या बनियनने ते उतरवायला जाणारा माणूस हाच त्याचा अर्थिंग. बटण बंद असलं तरी ते बटण बोर्डात फेजवर लावलंय की न्यूट्रलवर, हे वायरिंग करणाऱ्याला माहीत. न्यूट्रलवर असेल तर कॉइल काळी पडते, करंट तसाच राहतो. मी हॉस्टेलांचे असे कितीतरी बोर्ड उघडून पाहिलेत.

दुसरा_मजला

काका, हे वाचून थोडा वेळ उठून फिरून आलो. तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. बोर्डाचं बटण बंद केल्यावरही शेगडीच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या. आम्ही त्याला "मुंग्या" म्हणायचो. सर "मुंग्या येतील" म्हणाले, तेव्हा मागे दोघं हसले होते ते त्याच्यामुळे. सरांना तो अर्थ माहीत होता की नाही, ते कधी कळलं नाही. मला आजपर्यंत वाटायचं की ते साध्या मुंग्यांबद्दलच बोलत होते.

सुमेधा_क

ते सगळं असू दे. शेगडी जप्त झाली, पण कॉफीचं काय झालं? प्यायलात की नाही?

दुसरा_मजला

प्यायलो. निम्म्याहून जास्त पातेल्यात उरली होती. सर दारात उभे असतानाच दिग्याने गाळली, गाळणं नव्हतं म्हणून रुमालाने. सतरा पोरं आणि ग्लास पाच, तेव्हा प्रत्येकी तळ झाकेल एवढी आली. करपट लागत होती आणि गोड फार होती. पाचवा ग्लास दिग्याने सरांपुढे धरला. त्यांनी घेतला नाही. घड्याळात बघितलं, दोन वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि विचारलं, "अकरा मिनिटं कसली लिहिलीत रे भिंतीवर?"